‘ठीक आहे.’ आणि 👍 : दोस्ताला, व्यापाऱ्याला आणि साहेबाला मेसेज लिहिताना

शेतकरी उत्पादक कंपनीत, कृषी सेवा केंद्रात, सोसायटीत किंवा बचत गटाच्या कामाला तुम्ही नुकतेच लागला असाल, तर हे तुमच्यासाठी. वजनकाटा, पावती, रजिस्टर हे कुणी ना कुणी शिकवतं. मेसेज लिहायचं मात्र कुणी शिकवत नाही, कारण ते सगळ्यांना येतंच असं धरून चाललेलं असतं. मग एका टिंबावरून कास्तकार रुसतो, एका अंगठ्यावरून दराचा वाद होतो, आणि नवीन पोरगा विचारत राहतो की मी असं लिहिलं तरी काय?

मी हिंगणघाटकडच्या एका शेतकरी कंपनीत खरेदीचं काम पाहतो. सोयाबीन निघालं की तिथून कापसाच्या उलंगवाडीपर्यंत दिवसभर हातात फोन असतो. या काळात जे दिसलं आणि नव्या पोरांना जे सांगत आलो, ते क्रमाने मांडतो.

शहरी सल्ला असा असतो की मित्रांना इमोजी टाका, कामाच्या माणसाला टाकू नका. आपल्याकडे हा सल्ला पहिल्याच दिवशी मोडतो. सोयाबीन घेणारा व्यापारी तुमच्याच वर्गात होता. कृषी सहाय्यक तुमच्या मामेभावाचा साडू. बँकेतल्या बाईंचं आणि तुमच्या आईचं भिशीचं खातं एकच. माणसांचे दोन गट पडतच नाहीत. पडतात ते मेसेजचे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

काय जवळ असावं

- फोनमध्ये मराठी कीबोर्ड. त्यावर प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम आणि अवग्रह (ऽ) कुठे आहेत ते आधी शोधून ठेवा.
- ज्याला लिहायचं त्याचे जुने पंधरा-वीस मेसेज. वर सरकवून वाचायला दोन मिनिटं लागतात.
- घरातला एखादा जुना, स्वस्त फोन. तुम्ही टाकलेलं चिन्ह त्यावर कसं दिसतं ते एकदा पाहून घ्या. नव्या इमोजीच्या जागी जुन्या फोनवर नुसता चौकोन येतो, आणि चौकोन पाहून काका फोन करतात की काय पाठवलं बाप्पा, दिसून नाही राह्यलं.

## 1. आधी समोरच्याची सवय वाचा

कुठलंही चिन्ह आपल्या जागी रागीट नसतं किंवा प्रेमळ नसतं. माणूस नेहमी जसं लिहितो त्यापेक्षा आज वेगळं लिहिलं, तर त्या फरकातून सूर कळतो.

आमचे एक संचालक निवृत्त शिक्षक आहेत. ते ‘आलो.’ असं पूर्णविराम देऊन लिहितात, ‘जेवलो.’ असंही लिहितात आणि नातवाला ‘शाब्बास.’ म्हणूनही पूर्णविराम देतात. त्यांच्या ‘ठीक आहे.’ मध्ये राग शोधायचा नसतो. उलट कायम ‘हो हो चालते भाऊ 😄’ लिहिणारा ट्रॅक्टरवाला एक दिवस नुसतं ‘ठीक आहे.’ लिहितो, तेव्हा त्याचं भाडं थकलेलं आहे का ते बघावं.

फोनला बोलून टाइप करणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या मेसेजमध्ये चिन्हं बहुधा नसतातच. ‘गाडी भरली नाही पाठवा’ असं काही आलं, तर ते मोठ्याने दोन तऱ्हांनी वाचा. ‘गाडी भरली. नाही पाठवा’ की ‘गाडी भरली नाही, पाठवा’? कळलं नाही तर अंदाज करू नका, फोन लावा.

## 2. हा मेसेज दोस्तीचा की कामाचा, ते ठरवा

माणूस कोण हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : हा मेसेज उद्या आणखी कुणी वाचणार आहे का? व्यापारी तुमचा दर मुनिमाला दाखवतो. कृषी सहाय्यक तुमची यादी वरच्या साहेबांना पुढे पाठवतो. कास्तकार पोराला वाचायला देतो. असा पुढे जाणारा मेसेज कामाचा, मग तो घेणारा तुमचा लंगोटीयार असला तरी.

यातून एक सवय लावून घ्या : चेष्टा आणि व्यवहार एका मेसेजमध्ये कोंबू नका. वर्गमित्र व्यापाऱ्याला ‘काय बे, दिवाळीचे लाडू संपले का 😜’ हे एकात, आणि माल, वजन, दर हे दुसऱ्यात. दुसरा मेसेज एकटाच पुढे गेला तरी तो स्वच्छ वाचला गेला पाहिजे. ‘बे’ आणि 😜 मुनिमाच्या हातात पडले की दराचं गांभीर्य जातं, आणि तुमचं वजनही.

ग्रुपवर आणखी सावध राहा. खाजगीत ज्याला ‘का बे’ म्हणता, त्याला कास्तकारांच्या ग्रुपवर ‘भाऊ’च म्हणा. त्याचे वडील, सासरा आणि सरपंच तिथेच असतात.

## 3. पूर्णविराम आणि तीन टिंबं

मराठीत ही चिन्हं मुळातली नाहीत. मोडीत ती नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठी छापील लेखनात रुजवली आणि शाळेतून ती आपल्या हाती आली. अर्जात, पत्रात पूर्णविराम नसेल तर गुरुजी लाल शाई वापरायचे. फोनवर मात्र वाक्य संपलं हे सांगायला मेसेज संपणं पुरतं. म्हणून छोट्या मेसेजच्या शेवटी दिलेला पूर्णविराम आता मुद्दाम दिल्यासारखा दिसतो.

हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये विद्यार्थ्यांवर असा अभ्यास केला. मोबाइल मेसेजमधलं एका शब्दाचं उत्तर पूर्णविरामासह दाखवलं, तर वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं, तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे दोष टिंबाचा नाही, ते कुठे आलं याचा आहे.

तरुण माणसाच्या कानाला एकच उत्तर कसं ऐकू येतं ते बघा :

- ‘ठीक आहे’ : समजलं, पुढचं बोला.
- ‘ठीक आहे.’ : विषय संपला. यापुढे विचारू नका.
- ‘ठीक आहे...’ : पटलेलं नाही, पण बोलत नाही.
- ‘ठीक आहे!’ : खूश आहे, किंवा फार घाईत आहे.
- ‘ठीक’ : हे सगळ्यात कोरडं.

आता घोळ असा की यातली तिसरी ओळ साठीच्या पुढचे लोक अगदी निरागसपणे लिहितात. त्यांच्यासाठी तीन टिंबं म्हणजे बोलताना घेतलेला श्वास. ‘उद्या या... पासबुक आणा... चहा घेऊ...’ यात काहीही दडलेलं नाही. नवीन पोरं हे वाचून घाबरतात की काका काहीतरी मनात ठेवून बोलून राह्यले. तसं नसतं.

तुम्ही मात्र व्यवहाराच्या मेसेजमध्ये टिंबांची रांग टाकू नका. ‘पैसे सोमवारी...’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुढचा ‘बहुतेक’ आपोआप ऐकू येतो. पैसे सोमवारी येणार असतील तर ‘पैसे सोमवारी जमा होतील’ असं पुरं वाक्य लिहा. येतील की नाही माहीत नसेल, तर तेही शब्दांत लिहा.

लांब मेसेजला, म्हणजे तीन-चार वाक्यांच्या सूचनेला, पूर्णविराम द्यायचेच. तिथे ते कुणाला टोचत नाहीत, उलट नसले तर वाचणारा धापा टाकतो. नियम एक-दोन शब्दांच्या उत्तरापुरताच आहे.

## 4. प्रश्नचिन्हाच्या भरवशावर प्रश्न टाकू नका

मला विचाराल तर नव्या माणसाचा सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथे जातो.

मराठीत ‘गाडी निघाली’ हे उत्तर आहे आणि ‘गाडी निघाली?’ हा प्रश्न. शब्द तेच, क्रम तोच. बोलताना आवाज शेवटी वर जातो म्हणून भागतं. लिहिताना सगळा भार त्या एका चिन्हावर येतो, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. तुम्ही गोडाऊनमधून व्यापाऱ्याला विचारता ‘गाडी निघाली’. तो वाचतो की गाडी निघाली. तो तिकडे हमाल बोलावून बसवतो. संध्याकाळी हमालांच्या रोजीवरून भांडण, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

यावर उपाय फार जुना आहे. ‘का’ लावा. ‘गाडी निघाली का’ यात चिन्ह विसरलं तरी प्रश्न प्रश्नच राहतो. ‘माल आला का’, ‘पट्टी मिळाली का’, ‘सही झाली का’. चिन्हही द्या, पण भरवसा ‘का’वर ठेवा.

आणि चिन्हांची संख्या सांभाळा. एक प्रश्नचिन्ह म्हणजे विचारणं. दोन म्हणजे अजून कसं नाही झालं. तीन म्हणजे झापणं, ते वरून खाली आलं तर हुकूम आणि खालून वर गेलं तर उद्धटपणा. आठवण म्हणून नुसतं ‘?’ मात्र कुणालाच पाठवू नका. दोस्ताला चालतं असं वाटतं, पण दोस्तही त्याला उत्तर देत नाही, निव्वळ चिडतो. त्यापेक्षा ‘साहेब, कालच्या यादीचं काय झालं?’ हे पाच शब्द जास्त लवकर काम करतात.

उद्गारचिन्हाचं थोडक्यात. अभिनंदनाला ते हवंच, ‘अभिनंदन भाऊ!’ त्याशिवाय फिकं वाटतं. आज्ञेला लावलं की ते ओरडणं होतं : ‘सातबारा लवकर पाठवा!’ देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे ओरडायचं काम हे चिन्हच करतं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना * हे चिन्ह देऊन तो ठळक करण्याची सोयही व्हॉट्सॲपवर आहे. एका सूचनेत एकच गोष्ट ठळक करा, बहुतेक तारीख. सगळा मेसेज ठळक केला की कास्तकाराला ती नोटीस वाटते.

## 5. इमोजीच्या आधी आपले छोटे शब्द वापरून बघा

मेसेज कोरडा वाटला की नवे लोक लगेच 😊 चिकटवतात. आपल्या बोलीत सूर मऊ करायला आधीपासून साधनं आहेत आणि ती कुठल्याही फोनवर सारखीच दिसतात : ना, न, हो, बरं, जरा.

‘कागद पाठवा’ हे तुटक. ‘कागद पाठवा 😊’ हे गोड, पण साहेबांना नको. ‘कागद पाठवा ना काका’ हे घरचं. ‘कागद जरा आजच पाठवाल का?’ हे बँकेतल्या बाईंना चालतं, तहसीलच्या साहेबांनाही चालतं. वऱ्हाडीत तर ‘थांब न बे’ आणि ‘थांब.’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात माणूस थांबतो, दुसऱ्यात घाबरतो. ‘होऽ’ असा अवग्रह लावला की होकार लांबतो आणि त्यात आपुलकी येते. हे दोस्तांत आणि घरी. कामाच्या मेसेजमध्ये अवग्रह नको, तिथे तो लाडात आल्यासारखा दिसतो.

## 6. 👍 : निर्णय अंगठ्यावर सोडू नका

व्हॉट्सॲपने मे 2022 मध्ये मेसेजवर दाबून प्रतिक्रिया देण्याची सोय आणली. सुरुवातीला सहाच चिन्हं होती : 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏. पहिलाच अंगठा, आणि तोच सगळ्यात सोपा. त्यामुळे ‘वाचलं’, ‘कळलं’, ‘चालेल’, ‘मान्य’ आणि ‘आता नका त्रास देऊ’ या पाचही अर्थांना लोक तोच वापरतात. चेष्टेत याने काही बिघडत नाही. सौद्यात बिघडतं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातली एक केस आपल्या कामाची आहे, कारण माल आपल्या ओळखीचा आहे : जवस. 2021 मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याला कराराचा फोटो पाठवला आणि करार नक्की करा असं लिहिलं. शेतकऱ्याने 👍 पाठवला. जवसाचा भाव चढला आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठा म्हणजे करार मिळाला, मान्य केला असं नव्हे. 2023 मध्ये कोर्टाने तो अंगठा मंजुरी म्हणून धरला आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. कोर्टाने एक गोष्ट विशेष पाहिली : याआधीचे सौदेही त्या दोघांत असेच एक-दोन शब्दांच्या उत्तरावर पक्के झाले होते आणि माल पोचला होता. वरच्या कोर्टानेही 2024 मध्ये हाच निकाल कायम ठेवला.

आपल्याकडची गोष्ट उलट्या बाजूची. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येची बातमी ग्रुपवर आली, त्याखाली रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने 👍 टाकला. त्याने हत्येचा आनंद मानला असं धरून त्याला नोकरीवरून काढलं. मद्रास उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं की हा अंगठा ‘ओके’च्या जागी, म्हणजे पाहिलं या अर्थी असू शकतो, तो आनंद मानला जाऊ नये. तो सुटला, पण नोकरी आणि कोर्ट यात त्याची वर्षं गेली.

एका कोर्टात अंगठा म्हणजे होकार, दुसऱ्यात फक्त पाहिलं. दोन्ही ठिकाणी अंगठा कशाखाली आला ते पाहून अर्थ लावला गेला. भारतात मेसेजवर झालेला करारही निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून बाद होत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ मध्ये तसं म्हटलं आहे. म्हणून दर, वजन, तारीख आणि पैसा या चार गोष्टींवर अंगठा देऊ नका आणि घेऊही नका. दर मान्य असेल तर ‘दर मान्य’ लिहा. नसेल ठरलं तर ‘वाचलं, दर उद्या सांगतो’. समोरच्याचा नुसता अंगठा आला तर लगेच : ‘भाऊ, दर मान्य आहे असं समजू का?’ हे विचारायला लाज वाटते, वर्गमित्राला तर जास्तच. तरी विचारा.

## 7. 🙏 ची पाच कामं

आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरणारं चिन्ह हेच. त्याने नमस्कार होतो, आभार होतात, विनंती होते, माफी होते आणि श्रद्धांजलीही होते. अडचण तेव्हा येते जेव्हा ते एकटंच येतं. तुम्ही तालुक्याच्या साहेबांना चार ओळींची विनंती केली आणि उत्तरात नुसतं 🙏 आलं, तर बहुतेक वेळा ते ‘हात जोडले, माझ्याकडून होणार नाही’ असतं. त्याला होकार समजून वाट पाहू नका, दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन या.

स्वतः लिहिताना नमस्कार शब्दात करा, आणि चिन्ह हवंच असेल तर एकदाच, शेवटी. 🙏🙏🙏🙏 हे दीनवाणं दिसतं. कामाचा माणूस त्यातून एवढंच समजतो की याला घाई आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्याला कळत नाही. इथे मेसेजची सुरुवात ‘जय गुरुदेव’, ‘जय भीम’, ‘राम राम’, ‘जय जिजाऊ’ अशी होते. त्याला उत्तर त्याच शब्दांत द्या. ‘जय भीम’ला किंवा ‘जय गुरुदेव’ला नुसतं 🙏 ठेवून पुढे गेलात, तर समोरच्याला वाटतं की तुम्ही ते शब्द मुद्दाम टाळले. तसंच निळं हृदय आणि भगवा झेंडा हे इथे सजावटीचे रंग नाहीत, ते बघून टाका.

निधनाच्या बातमीखाली काय टाकता ते पाठवण्याआधी पुन्हा बघा. 😂, 😭 आणि 😢 छोट्या स्क्रीनवर सारखेच दिसतात, घाईत बोट कुठेही पडतं. त्यात पोरं 😭 हसून लोटपोट झालो या अर्थी वापरतात आणि आजी रडण्यासाठी. अशा जागी चिन्ह नकोच, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द पुरतात. आणि 👍 तर कधीच नाही, कोर्टाने काहीही म्हटलं असलं तरी घरच्यांना तो लागतो.

## 8. हसरे चेहरे

दोस्तांत काहीही चालतं, तिथे मी बोलणार नाही. कामात दोनच सांगतो. 🙂 हा साधा हसरा चेहरा वयस्क लोक खरंच हसून टाकतात, पण पंचविशीच्या आतल्यांना तो खोचक वाटतो. त्याऐवजी लाल गालांचा 😊 दोघांनाही चालतो. आणि कास्तकाराने नुकसान सांगितलं, बोंडअळी म्हणा की अवकाळी म्हणा, तर त्याच्या खाली 😅 सुद्धा टाकू नका. ‘अरे बापरे’ या अर्थी तुम्ही टाकता, त्याला हसल्यासारखं दिसतं.

फोनप्रमाणे चेहरा बदलतो हेही ध्यानात ठेवा. एकाच चिन्हाला प्रत्येक कंपनी वेगळं काढते. दात दाखवणारं 😁 काही फोनवर हसणं वाटायचं आणि जुन्या आयफोनवर दात आवळल्यासारखं. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये हा गोंधळ दाखवून दिला होता. चेहरा दोन तऱ्हांनी वाचता येत असेल तर तो सोडा.

## 9. एक मेसेज, तीन वाचणारे

समजा गोडाऊनला सोयाबीनचा 40 क्विंटलचा लॉट आहे. तुमच्या मॉइश्चर मीटरवर 13 आलं, व्यापाऱ्याला 12 च्या आत हवं. दोन दिवस वाळवून द्यायचं ठरतंय. हे तीन जणांना कळवायचं आहे : वर्गमित्र व्यापारी, ज्यांचा माल आहे ते काका, आणि कंपनीचे अध्यक्ष.

नवीन माणूस साधारण हे लिहितो आणि तिघांनाही तेच पाठवतो :

> माल 13 आला... 2 दिवस लागतील 😅 चालेल 👍

यात काय काय बिघडलं ते बघा. ‘13’ कशाचं ते नाही, काकांना ते पोत्याचे 13 वाटू शकतात. टिंबांमुळे काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. 😅 मुळे व्यापाऱ्याला वाटतं की हे लोक गंभीर नाहीत. ‘चालेल’ला ‘का’ नाही, त्यामुळे विचारलं की सांगितलं ते कळत नाही. आणि शेवटचा अंगठा तर सगळ्यांनाच ‘ठरलं’ असं सांगून जातो.

व्यापारी दोस्त आहे, तरी हा मेसेज मुनिमाकडे जाणार :

> राम राम भाऊ. सोयाबीन 40 क्विंटल तयार आहे. मॉइश्चर 13 टक्के आलं. दोन दिवस वाळवून 12 च्या आत देतो. दर परवा ठरला तोच ठेवाल का? होय किंवा नाही तेवढं लिहून कळव.

‘कळव’ हा शब्द दोस्ती सांगतो, बाकी सगळं व्यवहार. शेवटच्या वाक्याने अंगठ्याची वाट बंद केली. लाडवाची चेष्टा करायची असेल तर ती यानंतर, वेगळ्या मेसेजमध्ये.

काकांना :

> काका नमस्कार. तुमच्या सोयाबीनमध्ये ओल 13 टक्के आली, 12 पाहिजे. दोन दिवस वाळवू आणि मग काटा करू. चिंता करू नका बरं. काही अडचण असेल तर फोन करा ना.

इथे ‘मॉइश्चर’च्या जागी ‘ओल’, आणि सूर सांभाळायला ‘बरं’ आणि ‘ना’. इमोजी एकही नाही, तरी मेसेज कोरडा नाही. काकांना वाचता येत नसेल तर हाच मजकूर बोलून पाठवा.

अध्यक्षांना :

> नमस्कार साहेब. सोयाबीन 40 क्विंटलचा लॉट, मॉइश्चर 13 टक्के. व्यापाऱ्याची अट 12. दोन दिवस वाळवण्याची परवानगी द्याल का? 🙏

साहेबांना हे एक 🙏 चालतं, कारण वर विनंती आहे आणि ती शब्दांत पूर्ण झाली आहे. त्यांनी उत्तरात नुसता 👍 दिला, तर इथे तो परवानगी धरायला हरकत नाही, पण लगेच ‘आपल्या परवानगीने उद्यापासून वाळवत आहोत’ असा मेसेज टाकून ठेवा. त्यांना वेगळं म्हणायचं असेल तर ते तेव्हाच म्हणतील.

## 10. चुकीचं चिन्ह गेलंच तर

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांत दुरुस्त करता येतो. त्यावर दुरुस्त केल्याची खूण राहते, ती राहू द्या. चिन्ह चुकलं असेल तर दुरुस्ती करा, मेसेज पुसू नका. पुसल्यावर ‘मेसेज पुसला’ ही ओळ मागे उरते आणि ग्रुपवर त्याचीच जास्त चर्चा होते. प्रतिक्रिया चुकली तर तिच्यावर पुन्हा बोट ठेवून काढता येते, पण समोरच्याच्या फोनवर सूचना जाऊन बसलेली असू शकते, तेव्हा ‘दिसलं नसेल’ असं धरू नका.

दराचा किंवा निधनाचा मेसेज असेल आणि 15 मिनिटं उलटली असतील, तर लिहीत बसू नका. फोन करा, एका वाक्यात सांगा, आणि दर असेल तर फोन ठेवल्यावर ठरलेलं शब्दांत टाका : ‘आत्ता बोलल्याप्रमाणे दर अजून ठरलेला नाही, उद्या 11 पर्यंत कळवतो.’